मक्याचा मुरघास: हवा तीनदा आत शिरते, तिन्ही वेळा ती अडवायची

मी पहिला मुरघास केला आणि खड्डा उघडला, त्या दिवशी घरात सगळेच खूश होतो. पिवळसर हिरवा रंग, ताकासारखा आंबट वास. गाईंनी गव्हाणीत घातलेलं तोंड वर काढलंच नाही. तीन आठवड्यांनी त्याच खड्ड्यातून सकाळी वाफा निघायला लागल्या. हात घातला तर आतला चारा ताप भरल्यासारखा गरम होता. पुढच्या आठ दिवसांत पांढऱ्या बुरशीचे गठ्ठे हाताला लागू लागले आणि उरलेल्यातला बराचसा मुरघास उकिरड्यावर टाकावा लागला. मका चांगला होता, वेळेत कापला होता, कुट्टी बारीक होती आणि ट्रॅक्टरनं दाबूनही घेतला होता. चुकलं होतं ते खड्ड्याचं माप, आणि ती चूक मी मका कापायच्या कितीतरी आधी, खड्डा खणतानाच करून बसलो होतो.

आमच्या फलटणच्या बाजूला आता दारोदारी मुरघास होतो. तो भरायचा कसा हे सगळे सांगतात, पण काढायचा कसा हे फारसं कुणी सांगत नाही. माझं म्हणणं असं आहे की मुरघासात हवेला शिरायला तीन संधी मिळतात. पहिली भरताना, दुसरी झाकल्यावर दीड महिना तो मुरत असताना आणि तिसरी उघडल्यावर. पहिल्या दोन्हींची आपण काळजी घेतो. छोट्या गोठ्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तिसरीत. म्हणून या लेखात मी तिसरीपासून मागे येत माप काढणार आहे. त्याआधी आत नेमकं काय चालतं ते पाहू, कारण ते कळलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटते.

झाकणाखाली काय चालतं

मका कापला म्हणजे तो लगेच मेला असं होत नाही. कुट्टी झाल्यावरही त्याच्या पेशी काही तास श्वास घेत राहतात. हवा मिळाली की त्या ताटातली साखर जाळतात आणि त्यातून उष्णता, पाणी आणि कर्बवायू तयार होतो. ही साखर म्हणजे मुरायचं भांडवल. कुट्टीचा ढीग रात्रभर उघडा राहिला आणि सकाळी हाताला गरम लागला, तर तेवढं भांडवल जळून गेलं असं समजायचं.

चारा घट्ट दाबून झाकला तर आत अडकलेली थोडीशी हवा काही तासांतच संपते. मग हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंची शर्यत सुरू होते. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मक्याच्या पानांवर, ताटांवर शेतातूनच आलेले असतात. दह्याचं विरजण ज्या कुळातलं, त्याच कुळातले हे. ते साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात आणि चाऱ्याचा सामू खाली आणतात. ताज्या मक्याचा सामू सहाच्या आसपास असतो. चांगल्या भरलेल्या मुरघासात तो आठवड्या-दोन आठवड्यांत चारपर्यंत किंवा त्याच्याही खाली जातो. तिथं कुजवणारे जिवाणू टिकत नाहीत आणि शेवटी लॅक्टिकवालेही थंडावतात. मग चारा जसा आहे तसा थांबून राहतो. आम्लानं चारा टिकतो हे फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन या रसायनशास्त्रज्ञानं इतकं मनावर घेतलं की तो चाऱ्यात थेट तीव्र आम्ल ओतून सामू चारच्या खाली आणायचा. त्या कामाच्या जोरावर त्याला १९४५ चं नोबेल मिळालं. आपल्या मक्यात साखर भरपूर असते, त्यामुळे ते आम्ल जिवाणूच फुकटात करून देतात.

यात वजनाचाही एक हिशोब आहे. चांगले लॅक्टिक जिवाणू साखरेच्या एका कणाचे लॅक्टिक आम्लाचे दोन कण करतात आणि वजन कुठंही जात नाही. तीच साखर यीस्टच्या तोंडी गेली तर दारू होते आणि साखरेच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग वायू होऊन उडून जातो. खड्डा कमी भरलेला निघाला म्हणून आपण मजुरांवर संशय घेतो, पण खरा चोर बऱ्याचदा हा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. यीस्ट आम्लानं मरत नाही. हवा नसेल तेव्हा ते निपचित पडून राहतं. हवा आली की उठतं आणि खातं काय, तर ज्यानं चारा राखला तेच लॅक्टिक आम्ल. आम्ल संपत जातं तसा सामू वर चढतो, चारा तापतो, मग बुरशीला आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना रान मोकळं मिळतं. म्हणजे आंबटपणा हे पहारेकऱ्याचं काम करतो ते फक्त दार बंद असेपर्यंत. लोणच्याच्या बरणीवर तेलाचा थर हवाच, तसं मुरघासावर झाकण हवंच, आणि बरणी उघडली की ती लवकर संपवायची.

माप गव्हाणीपासून काढायचं

समजा गोठ्यात पाच दुभत्या संकरित गाई आहेत आणि प्रत्येकीला रोज १५ किलो मुरघास द्यायचा आहे. म्हणजे रोजचे ७५ किलो. फेब्रुवारीच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, हिरवा चारा परत सुरू होईपर्यंत, १५० दिवस धरले तर ११,२५० किलो लागेल. मुरताना आणि हाताळताना काही वजन जातंच, म्हणून १३ टन कुट्टी भरायची. कणसासकट उभा मका चांगला आला असेल तर एकरभरात एवढं होऊन जातं.

बरा दाबलेला मुरघास एका घनमीटरात ६०० किलोच्या आसपास बसतो. १३ टनाला साधारण २२ घनमीटर जागा लागते. मी पहिल्यांदा नेमका असाच हिशोब केला आणि ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद, दीड मीटर खोल असा ऐसपैस खड्डा खणला. माप बरोबर बसलं. पण उघडल्यावर समोर जी भिंत दिसत होती ती ३ मीटर बाय दीड मीटर, म्हणजे साडेचार चौरस मीटरची. रोजचे ७५ किलो म्हणजे जेमतेम आठव्या हिश्श्याचा घनमीटर. तो एवढ्या मोठ्या भिंतीवरून खरवडायचा म्हटलं तर दिवसाला तीन सेंटिमीटरही आत जाता येत नाही.

हवा मात्र त्या भिंतीतून आत मीटरभर जाऊ शकते, आणि चारा सैल भरलेला असेल तर त्याहून जास्त. म्हणजे माझ्या खड्ड्यातली प्रत्येक पाटी गव्हाणीत पडायच्या आधी महिनाभराहून जास्त हवा खात बसली होती, तीही आमच्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात. रोज २० सेंटिमीटर काढता आलं असतं तर हाच काळ पाच दिवसांवर आला असता. यीस्टला जोर धरायला थोडे दिवस लागतात आणि आपल्याला फक्त तेवढ्याच दिवसांत त्याच्या पुढे राहायचं असतं. थंडीत रोज १०-१५ सेंटिमीटर आत जाता आलं तरी भागतं. उन्हाळ्यात २० च्या खाली आलं की धोका सुरू होतो आणि ३० मिळालं तर निर्धास्त.

त्या पाच गाईंना खड्ड्याची भिंत किती हवी ते आता उलट काढा. रोजचं ०.१२५ घनमीटर, २० सेंटिमीटरनं भागलं तर ०.६ चौरस मीटर. एवढ्या लहान तोंडाचा खड्डा खणण्यात अर्थ नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दहापेक्षा कमी जनावरं असतील तर उन्हाळ्यासाठी खड्ड्याच्या नादी न लागता पिशव्या भराव्यात. ५०० किलोची एक पिशवी पाच गाईंना सहा दिवस पुरते, १ टनाची बारा दिवस. बारा दिवसांची पिशवी हिवाळ्यात चालते. एप्रिल-मेमध्ये मी सहा दिवसांच्या वरची पिशवी उघडत नाही. बाकीच्या पिशव्या तोवर बंदच असतात आणि एखादी फाटली तरी नुकसान त्या एकीपुरतंच राहतं.

खड्डाच करायचा असेल तर अरुंद आणि लांब करा. १.२ मीटर रुंद, १ मीटर खोल आणि १८ मीटर लांब खड्ड्यातही तेवढाच चारा मावतो आणि रोज १० सेंटिमीटर आत जाता येतं. असा खड्डा थंडी सुरू होतानाच उघडून कडक उन्हाच्या आधी संपवायचा.

कधी कापायचा

मका ओला कापला तर रस गळतो आणि त्याच्याबरोबर साखरही जाते. वाळला तर तो दाबला जात नाही, ताटं परत फुगतात आणि फटींमध्ये हवा राहते. म्हणजे कापायची वेळसुद्धा शेवटी हवेचाच प्रश्न आहे. चाऱ्यातला कोरडा भाग ३० ते ३५ टक्के असावा असं म्हणतात, पण शेतात उभं राहून टक्के दिसत नाहीत. त्यासाठी दोन खुणा सांगतो.

पहिली खूण कणसात. कणीस मधोमध मोडा आणि दाण्याला वरच्या टोकाकडून नख लावत बुडाकडे या. वरचा भाग टणक लागतो आणि एका जागी नख बुडून चीक येतो. ही टणक-मऊ सीमा दाण्याच्या निम्म्यावर आली की तयारीला लागायचं. दोन तृतीयांश खाली उतरायच्या आत मका कापून झाला पाहिजे. नुसता चीक असताना कापणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. हिरवागार दिसतो म्हणून त्यांना तो आवडतो, पण दाण्यात पीठ भरायच्या आधीच कापला तर गाईच्या वाट्याला पाणीच जास्त येतं.

दुसरी खूण मुठीत. कुट्टी झालेला चारा मुठीत घेऊन अर्धा मिनिट जोरात दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला आणि बोटांतून रस ओघळला तर मका ओला आहे, चार-सहा दिवस थांबा. गोळा हळूहळू उलगडला, तळहात ओलसर झाला पण थेंब पडला नाही, तर हीच वेळ. मूठ उघडताच चारा भुसकन सुटला तर उशीर झाला आहे. मग कुट्टी आणखी बारीक करायची आणि तुडवणं दुप्पट करायचं.

शेतात पाऊस पडून गेला असेल तर एक-दोन दिवस जाऊ द्या. आणि मका जमिनीपासून वीतभर वर कापा. बुडख्याची माती चाऱ्यात आली की तिच्याबरोबर लोण्याच्या कुबट वासाचं ब्युटिरिक आम्ल करणारे जिवाणूही येतात.

भरणं आणि तुडवणं

कुट्टी एक ते दोन सेंटिमीटरची हवी. पाती धारदार नसतील तर ताटं चिरडून लांब धागे निघतात आणि ते स्प्रिंगसारखे वर उठतात. मी कुट्टीवाला ठरवताना भाव विचारायच्या आधी पाती बघतो.

त्या दिवशी जेवढं भरून झाकता येईल तेवढाच मका कापायचा. आमच्या शेजारच्या दादांनी एकदा मजूर मिळाले म्हणून सगळा मका एकाच दिवशी आडवा केला आणि कुट्टी तीन दिवस चालली. तिसऱ्या दिवशीच्या पेंढ्या आतून गरम झाल्या होत्या. मुरघास झाला, पण काळपट आणि तंबाखूच्या वासाचा. गाई तो आवडीनं खातात, म्हणून काही बिघडलंय असं वाटत नाही. पण जास्त तापलेल्या चाऱ्यातली प्रथिनं साखरेला चिकटून बसतात आणि गाईला पचत नाहीत.

थर एक वीत जाडीचा, त्याहून जास्त नाही. प्रत्येक थर पसरून तुडवायचा आणि मगच पुढचा टाकायचा. दोन हात जाड थर टाकून वर कितीही वेळ ट्रॅक्टर फिरवला तरी खालचा अर्धा भाग सैलच राहतो, कारण दाब वरच्या थरातच विरून जातो. ट्रॅक्टर चालवत असाल तर ताशी जितके टन कुट्टी येते तितके गुणिले ४०० किलो एवढं वजन दाबायला असावं. दोन टनाचा ट्रॅक्टर ताशी पाच टनाला पुरतो. कुट्टी त्याहून वेगानं येत असेल तर तिला थांबवा, ट्रॅक्टरला घाई करू नका.

अरुंद खड्ड्यात आणि पिशवीत ट्रॅक्टर जात नाही. तिथं माणसंच लागतात. पिशवीत एकानं उतरून कडेकडेनं टाचा रोवत गोल फिरायचं आणि मग मध्ये यायचं. मध्यभाग आपल्या वजनानं दबतोच, सुटते ती कड, आणि बुरशी नेहमी कडेलाच पहिल्यांदा धरते. खड्ड्याच्या कोपऱ्यात रस्त्याच्या कामाचा धुमुस वापरा. दाबलं पुरेसं आहे का, यासाठी माझी साधी परीक्षा अशी: टाच जोरानं मारली की खूण उमटावी पण पाय रुतू नये.

पक्कं बघायचं असेल तर उघडल्यावर फूट लांब, फूट रुंद, फूट खोल असा चौकोन धारदार विळ्यानं कापून काढा आणि तो चारा तोला. १७ किलो भरला तर घनमीटरला ६०० किलो, २० भरला तर ७०० च्या वर. माझ्या पहिल्या पिशव्यांत हा आकडा १३ आला होता. त्या वर्षी मी एका पिशवीला दोन माणसं आणि दुप्पट वेळ दिला असता तर पुढचा बराच मनस्ताप वाचला असता.

झाकणं

भरणं संपलं की झाकण त्याच दिवशी घालायचं. चहा उद्या पिऊ, झाकण आज. खड्ड्याच्या भिंतींना आधीच प्लास्टिकचा कागद लावून त्याची टोकं बाहेर सोडून ठेवा. चारा जमिनीच्या वर हातभर येईपर्यंत भरून त्याला गाडीच्या टपासारखा गोल आकार द्या, म्हणजे पुढं तो खचला तरी पाणी साचत नाही. बाजूची टोकं आत दुमडायची, वरून दुसरा जाड कागद घालायचा. काळा-पांढरा कागद असेल तर पांढरी बाजू वर ठेवा, ऊन परतून लावते.

कागद चाऱ्याला चिकटून बसला पाहिजे. त्याच्याखाली हवेचा खिसा राहिला की वारा कागद हलवत राहतो आणि तो भात्यासारखा हवा आत ओढतो. म्हणून वर वजन हवं. जुने टायर एकमेकांना भिडवून ठेवा किंवा चार-पाच बोटं मातीचा थर द्या. कडेला वाळूच्या गोण्या लागून-लागून लावा. हवा मध्यातून क्वचित शिरते, कडेतूनच शिरते. एवढं करून चारी बाजूंनी चर खणा. पावसाचं पाणी आत गेलं तर ते आम्ल धुऊन नेतं.

पिशवीचं तोंड बांधायची एक पद्धत आहे. आतल्या प्लास्टिकच्या पिशवीतली हवा दोघांनी दाबून बाहेर काढायची, तोंडाला पीळ देत जायचं, पीळ घट्ट झाला की तो हंसाच्या मानेसारखा उलटा मोडायचा आणि दोन जागी रबरानं किंवा सुतळीनं आवळायचा. नुसत्या गाठीतून हवा जाते. पहिल्या काही दिवसांत पिशवी फुगते. तो आत तयार झालेला कर्बवायू असतो. त्याला भिऊन टाचणी मारू नका. त्या वायूनंच आतली हवा हुसकलेली असते, आणि एक भोक पडलं की तिथून हवेला कायमची वाट मिळते. पिशव्या उन्हात ठेवू नयेत आणि ओढतही नेऊ नयेत. उंदरांसाठी मांजर असलेलं बरं. आठवड्यातून एकदा कंदील नाहीतर बॅटरी घेऊन सगळ्या पिशव्या बघायच्या, भोक दिसलं की जागा कोरडी पुसून चिकटपट्टी लावायची. खड्ड्यावरच्या कागदाला कावळे आणि कुत्री फार त्रास देतात. भोकाच्या खाली हातभर चारा काळा झालेला मी स्वतः पाहिला आहे, भोक मात्र करंगळीएवढं होतं.

एक धोका गंभीरपणे लक्षात ठेवा. भरल्यापासून पहिल्या तीन आठवड्यांत, विशेषतः पाण्याचा ताण बसलेल्या किंवा युरियाची मात्रा जास्त झालेल्या मक्यात, पिवळट तांबूस रंगाचा आणि ब्लीचिंग पावडरसारख्या वासाचा विषारी वायू तयार होऊ शकतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खोलगट जागी साचतो. खोल खड्ड्यात या काळात कुणीही उतरू नये, आणि आत पडलेल्याला काढायला दुसऱ्यानं एकट्यानं उडी तर मुळीच मारू नये.

गूळ, ताक आणि कल्चर

दर टनाला गूळ, मीठ, युरिया, ताक असं मिसळायची पद्धत सगळीकडे आहे. मक्यात साखर मुबलक असते, तिथं गुळाची गरज मला वाटत नाही. लसूणघास किंवा कोवळा नेपियर असेल तर गोष्ट वेगळी. त्यांत साखर कमी आणि पाणी जास्त असतं. लसूणघास तर आम्लाला दाद देत नाही, सामू खाली यायला फार वेळ घेतो. असे चारे कापून अर्धा-एक दिवस उन्हात सुकवावेत आणि टनाला २०-३० किलो मळी घालावी. ताकातले जिवाणू दुधावर वाढलेले असतात, ताटांवर ते किती टिकतील याचा भरवसा नाही. पैसे घालायचेच असतील तर कल्चरवर, म्हणजे पाकिटात मिळणाऱ्या लॅक्टिक जिवाणूंवर घाला.

कल्चर घेताना पाकिटावरची नावं वाचा. प्लँटॅरम हा जिवाणू सामू झपाट्यानं उतरवतो, म्हणजे सुरुवातीची शर्यत तो जिंकून देतो. बुचनेरी हा लॅक्टिक आम्लाचं काही अंशी ॲसिटिक आम्ल करतो. ॲसिटिक आम्लानं यीस्ट दबतं, म्हणून बुचनेरीचा उपयोग दिसतो तो उघडल्यानंतर. ज्यांचं रोजचं काढणं कमी आहे त्यांना बुचनेरी जास्त कामाचा. मात्र त्याला आपलं काम करायला दोन महिने द्यावे लागतात. पाण्यात क्लोरीन असेल तर हे जिवाणू मरतात, त्यामुळे विहिरीचं पाणी वापरा, द्रावण त्याच दिवशी संपवा आणि झारीनं एका जागी ओतण्याऐवजी पंपानं प्रत्येक थरावर सारखं फवारा. सैल भरलेल्या, फाटक्या कागदाखालच्या चाऱ्याला कोणतंही कल्चर वाचवत नाही.

उघडल्यावर

४५ दिवसांच्या आत उघडू नये. उघडल्यावर पहिल्यांदा नाकानं बघा. ताकासारखा स्वच्छ आंबट वास आला तर उत्तम. डोळ्यांत झोंबणारा व्हिनेगरचा वास म्हणजे ॲसिटिक आम्ल जास्त झालंय, थोडं कमी खातील पण चालतो. गोडसर दारूचा वास आला तर यीस्टनं हात मारला आहे, हा चारा उघडल्यावर पटकन तापेल, लगेच संपवा. हात धुतल्यावरही न जाणारा कुबट लोण्याचा वास आणि चिकट स्पर्श असेल तर चारा ओला भरला गेला होता. तो गाभण आणि ताज्या व्यालेल्या गाईंना देऊ नका. पशुवैद्यकाच्या दुकानात किंवा प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात सामूची कागदी पट्टी मिळते. मूठभर मुरघास थोड्या स्वच्छ पाण्यात पिळून त्यात ती बुडवा. मक्याला ३.८ ते ४.२ यायला हवा. साडेचारच्या वर गेला तर काहीतरी हुकलंय.

बुरशी लागलेला भाग निवडून टाकतात आणि उरलेला घालतात. गठ्ठ्याच्या भोवतीचा वीतभर चारा दिसायला चांगला असला तरी तोही टाका, कारण बुरशीचं विष रंगावरून दिसत नाही.

खड्ड्याची भिंत वरून खाली सरळ कापत यायची. कुदळीनं खणून ओढलं की पाठीमागचा चारा भेगाळतो आणि हवेला रस्ते मिळतात. कागद रोज लागेल तेवढाच मागे सारायचा आणि त्याच्या काठावर गोण्यांची ओळ लगेच पुढं सरकवायची, नाहीतर वारा कागदाखालून मागपर्यंत जातो. खाली पडलेला भुगा पहिल्यांदा गव्हाणीत टाका, उद्यासाठी ठेवू नका.

पिशवीतून सकाळ-संध्याकाळचा चारा मी सकाळी एकदाच काढतो. दोनदा उघडली तर दोनदा हवा जाते. संध्याकाळचा वाटा दुसऱ्या पोत्यात दाबून, तोंड बांधून सावलीत ठेवायचा. मोठ्या पिशवीत वरचा चारा काढून झाला की सपाट करून तुडवायचा, प्लास्टिक त्याच्यावर बसवून हवा काढायची आणि पीळ देऊन बांधायची, अगदी पहिल्या दिवशी बांधली तशी.

गाईंना एकदम १५ किलो देऊ नये. चार-पाच किलोंनी सुरुवात करून आठ-दहा दिवसांत वाढवायचा आणि बरोबर थोडा कडबा ठेवायचा. मक्याच्या मुरघासात प्रथिनं कमी असतात, तेव्हा पेंड बंद करायची नाही.

तापतोय का हे बघायचं तर पहाटे, धारेच्या आधी. दुपारी ४० अंशांत सगळंच गरम असतं, काही कळत नाही. पहाटे गार हवेत हात कोपरापर्यंत चाऱ्यात घाला. आत कोमट लागलं तर यीस्ट उठलं आहे, त्या दिवसापासून त्या पिशवीतून जास्त काढा आणि दोन-तीन दिवसांत ती रिकामी करा. शेजारच्या गोठ्याला चार पाट्या दिल्या तरी चालतील, पण ठेवू नका.

पिशवी रिकामी झाली की आतलं प्लास्टिक झटकून धुवा आणि वाळल्यावर दोघांनी दोन टोकं धरून सूर्यासमोर ताणा. उजेडाचे बारीक ठिपके दिसतात. यंदा आमच्या एकीत सात निघाले, सगळे तळाकडच्या एका बाजूला. पिशवी ट्रॉलीतून उतरवताना ज्या बाजूवर घसरली होती, तीच ती बाजू, आणि कडेची बुरशीही तिथंच धरली होती. बाहेरचं पोतं ठेवलं, आतलं प्लास्टिक खताच्या ढिगावर झाकायला घेतलं.